कार्टात राहिलेली घोंगडी

घोंगड्यांचं आमचं ऑनलाइन दुकान सुरू होऊन तीन महिने होत आले होते, तेव्हा एका सकाळी सुभेदारांचा फोन आला. म्हणाले, "ताई, लोकं घोंगडी उचलत्यात आन् तिथंच टाकून जात्यात. ही काय भानगड हाय, मला काय उमगंना."

मला वाटलं, कुणी प्रत्यक्षच येऊन काहीतरी करून गेलं. मी विचारलं, "कुठं टाकून गेले?"

"कार्टात," ते म्हणाले. "वेबसायटीच्या कार्टात. लय जणांनी टाकल्यात. आन् ऑर्डरी बघाल तर हाताच्या बोटावर."

सुभेदार म्हणजे आमच्या शेजारचे. मूळचे साताऱ्याकडचे, उसाच्या पट्ट्यातले. फौजेत चोवीस वर्षं काढून निवृत्त झाले आणि मुलीच्या शिक्षणासाठी सांगलीला घर करून राहिले. मी आटपाडीकडची. माझ्या माहेरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं होती, आता थोडी मेंढरं, थोडं डाळिंब. माझे मालक कुपवाडला एका कारखान्यात लेथवर आहेत. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, गावाकडच्या विणकरांना लोकर देतो आणि त्यांच्याकडून घोंगडी घेतो. आधी मी ती ओळखीपाळखीत, मोबाइलवर फोटो पाठवून विकायची. सुभेदारांनी एक विकत घेतली, मग आणखी चार फौजी दोस्तांना घ्यायला लावल्या, आणि एक दिवस म्हणाले, "ताई, हे मोठं करायला पायजे. पॅकिंग माझ्याकडं द्या." त्यांच्या घरामागं पत्र्याची खोली होती. तिथं आमचं दुकान सुरू झालं. त्यांना काम पाहिजे होतं आणि मला भरवशाचा माणूस.

वेबसाइट आम्ही एका तयार दुकान मिळणाऱ्या ठिकाणी महिन्याच्या भाड्यावर घेतली होती. मागचं एक पान असायचं, ज्यात आज किती लोक आले, किती जणांनी वस्तू कार्टात टाकली, किती जणांनी ऑर्डर पुरी केली, हे दिसायचं. ते पान सुभेदार रोज सकाळी हजेरीसारखं बघायचे. मी मात्र फक्त ऑर्डर आली की बघायची. त्या दिवशी त्यांच्या खोलीत बसून पहिल्यांदा ते आकडे नीट पाहिले. दहा जणांनी वस्तू कार्टात टाकली, तर जेमतेम एकानं ऑर्डर पुरी केली होती.

मला आधी राग आला. हे काय वागणं झालं? आमच्या बाजारात कुणी घोंगडी हातात घेतली, झटकली, अंगावर टाकून बघितली आणि भावाची घासाघीस करून न घेता गेला, तर निदान तोंड तरी दिसतं. का गेला, ते कळतं. इथं नुसता आकडा. 

दादाला फोन केला. तो लगेच म्हणाला, "भाव जास्त लावलास. कमी कर."

सुभेदारांचं म्हणणं वेगळं. "इस्वास न्हाई. आपलं नाव कुणाला म्हाईत न्हाई. लोकास्नी वाटतंय, पैसं भरलं आन् माल न्हाई आला तर?"

माझे मालक जेवताना म्हणाले, "फोटो काळपट आलेत. काळी घोंगडी काळ्या खाटंवर टाकून फोटो काढलास, दिसणार काय?"

तिघांचंही मला पटलं, आणि तेच वाईट होतं. मी फोटो नवे काढले, उन्हात, पांढऱ्या भिंतीपुढं. भाव थोडा उतरवला. सुभेदारांनी गणवेशातला स्वतःचा फोटो 'आमच्याविषयी' या पानावर टाकला. हे सगळं एकाच आठवड्यात. पुढच्या आठवड्यात कार्टात टाकणारे वाढले आणि ऑर्डरी होत्या तेवढ्याच राहिल्या. म्हणजे टाकून जाणारे उलट वाढलेच. मी तो आकडा बघत राहिले. आपण सुधारणा केली की बिघाड केला, हेच मला सांगता येईना.

त्यातच एक विचित्र गोष्ट माझ्या लक्षात आली. आमच्याकडं मोठ्या घोंगड्यांबरोबर छोटी आसनंही होती. पूजेला, ध्यानाला बसायला घेतात, तेवढा हातभर चौकोन. किमतीनं सगळ्यात स्वस्त. माझा अंदाज असा, की महाग वस्तू लोक कार्टात टाकून सोडणार आणि स्वस्त वस्तू घेऊन टाकणार. पण झालं होतं उलटं. आसनं जवळजवळ सगळीच मागं पडत होती. घोंगडी तरी कुणीतरी घ्यायचं.

"भाव जास्त हाय, तर मग आसन का न्हाई जात?" मी सुभेदारांना विचारलं.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. "मला इचारू नका," म्हणाले. "माझं डोस्कं कवाच बंद पडलंय."

मिरजेत एक बाई आहेत. त्यांच्या घरचे तंबोरे आणि सतारी बनवतात, आणि बाईंनी स्वतःच शिकून त्यांच्या वाद्यांची वेबसाइट उभी केलेली. बाहेरच्या देशांतनंही ऑर्डरी येतात त्यांना. सुभेदारांच्या मुलीच्या गाण्याच्या क्लासमुळं ओळख होती. आम्ही दोघं एका मंगळवारी दुपारी त्यांच्याकडं गेलो. पुढच्या खोलीत त्यांचे दीर भोपळा आतून खरवडत बसले होते, त्याचा खर्र खर्र आवाज सारखा चाललेला. बाई आत लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या.

आमचं ऐकून त्या म्हणाल्या, "टाकून जाणारे सगळ्याच दुकानांत असतात. आमच्याही असतात. निम्म्याहून जास्त लोक नुसतं बघायला टाकतात, नंतर विचार करू म्हणून. ते शून्य कधीच होणार नाही. पण तुमच्यात जास्तच जातायत. आता मला सांगा, कुठल्या पायरीवर जातायत?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. पायरी?

"अहो, कार्टात टाकलं, ही एक पायरी. मग नंबर आणि पत्ता. मग पोचवायचा खर्च दिसतो. मग पैसे भरायचे. माणूस नेमका कुठं वळतो, ते बघायचं. तुम्ही भाव बदललात, फोटो बदललात. पण ज्यानं वस्तू कार्टात टाकली, त्यानं फोटो बघितलाय आणि भावही वाचलाय. तेवढं पसंत पडलं म्हणूनच टाकली ना?"

हे इतकं सरळ होतं, की मला लाजच वाटली. आठवडाभर मी उन्हात भिंतीपुढं घोंगड्या धरून उभी राहिले होते.

त्यांनी आमच्या दुकानाचं मागचं पान उघडलं आणि एका कागदावर पायऱ्या मांडायला लागल्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "हा कोण आहे? रोज सकाळी साडेसहाला एक घोंगडी कार्टात टाकतो आणि जातो. एक दिवस चुकवलेला नाही."

सुभेदार खाकरले. "ते मी," म्हणाले. "दुकान चालू हाय का बंद, ते तपासतो. गाडी सुरू करून बघावी तसं."

बाई हसल्या नाहीत, पण त्यांच्या दिरांचा भोपळ्यावरचा हात थांबला. तीन महिन्यांच्या रोजच्या त्या घोंगड्या आमच्या टाकून जाणाऱ्यांत मोजल्या गेल्या होत्या. त्या वगळल्या. मग मला जरा हायसं वाटलं, पण उरलेला आकडाही लहान नव्हता.

कागदावर चित्र असं निघालं: पहिल्या पायरीवर बरेच जण गळत होते, जिथं मोबाइल नंबर टाकून ओटीपी येण्याची वाट बघावी लागायची. तिथनं पुढं गेलेले पत्ता भरत होते. पत्ता भरून, म्हणजे एवढे कष्ट घेऊन, पोचवण्याच्या खर्चाच्या पानावर आलेल्यांतले सर्वांत जास्त तिथंच परत फिरत होते. पैसे भरायच्या पानापर्यंत पोचलेला माणूस मात्र बहुतेक वेळा पैसे भरतच होता.

"म्हंजे खर्चाचं पान," सुभेदार म्हणाले. "पन तिथं काय खर्चच न्हाई की. मी रोज बघतोय. फुकट लिवलंय."

"तुमचा पत्ता कुठला भरता?"

"घरचा. सांगली."

सांगली-मिरजेत आम्ही घोंगडी स्वतः नेऊन देत होतो, म्हणून तिथं फुकट होतं. बाईंनी स्वतःच्या फोनवर खाजगी खिडकी उघडली, जिथं जुनं काही लक्षात राहत नाही, अगदी नव्या गिऱ्हाइकासारखं. एक आसन कार्टात टाकलं आणि नागपूरचा पिनकोड घातला. खर्चाचा आकडा आला तो बघून मी चष्मा पुसला. आसनाच्या भावापेक्षा त्याचं भाडं जास्त होतं. मग त्यांनी आसन काढून मोठी घोंगडी टाकली. भाडं तेवढंच.

आता माझा गोंधळ आणखी वाढला. आसन जेमतेम पाव किलोचं. घोंगडी अडीच किलोची. दोन्हीला भाडं एकच कसं? आणि अडीच किलोला तरी एवढं कसं?

"बॉक्स कुठला वापरता?" बाईंनी विचारलं.

इथं सुभेदारांची छाती जरा पुढं आली. बॉक्स त्यांचा अभिमानाचा विषय होता. कुपवाडच्या एका कारखान्यातनं त्यांनी जाड पुठ्ठ्याचे, पंचेचाळीस बाय चाळीस बाय तीस सेंटिमीटरचे खोके मिळवले होते. घोंगडी आत सैल बसायची, चार बाजूंनी कागदाचे बोळे. कितीही फेका, दणका बसणार नाही.

बाईंनी तीन आकडे एकमेकांना गुणले आणि पाच हजारांनी भागले. "कुरिअरवाले वजन करतात आणि खोक्याची जागाही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, पाच हजारांनी भागायचं. दोन्हीत जे जास्त निघेल त्याचं भाडं. तुमचा खोका त्यांच्या हिशेबानं अकरा किलोच्या आसपास जातो."

"पन आत अडीच किलोच हाय!"

"आत काय आहे ते त्यांच्या गाडीला काय करायचंय? जागा तर खोक्यानं अडवली ना?"

आणि आसनाचं कोडं? दुकान सुरू करताना वेबसाइटच्या तयार साच्यात खोक्याचं माप एकदाच भरलेलं होतं, ते प्रत्येक वस्तूला आपोआप लागत होतं. आसन आम्ही पाकिटात घालून पाठवायचो, पण वेबसाइटला वाटत होतं, तेही त्याच पेटाऱ्यातनं जाणार. माप मीच भरलं होतं. सुभेदारांनी टेपनं मोजून सांगितलं आणि मी लिहिलं.

 येताना सांगलीत विश्रामबागला एसटीतनं उतरता उतरता सुभेदार म्हणाले, "घोंगडीला दणका बसून काय हुनार हुतं ओ, ताई? काच हाय का ती?"

बाईंनी आणखी एक सांगितलं होतं: "ज्यांनी नंबर टाकून सोडलं, त्यांच्यातल्या चार-पाच जणांना विचारा. विकायला नको, नुसतं विचारा. आकडा पायरी सांगतो, कारण सांगत नाही." त्या यादीत एक नंबर पुन्हा पुन्हा येत होता. आठ दिवसांत नऊ वेळा, तीच काळी घोंगडी, दर वेळी पत्त्यापर्यंत येऊन मागं. मी आधी निरोप पाठवला, की आम्ही घोंगडीवाले, काही अडचण आली का, फोन केला तर चालेल का. दुसऱ्या दिवशी दुपारी नुसतं 'करा' असं उत्तर आलं. मी सुभेदारांच्या खोलीतनं, फोन स्पीकरवर ठेवून लावला.

पलीकडं माझ्याहून थोरली बाई होती. माणदेशातली, बोलण्यावरनंच कळलं.

"तुमीच का त्या घोंगडीवाल्या?" ती म्हणाली. "आवं, काय सांगू तुमाला. रोज दुपारी सुनंचा फोन घेऊन बसती मी. समदं लिवती. शेवटाला नंबर टाकला की तांबडी अक्षरं येत्यात. इंग्रजीत. सून कामाला गेलेली असती, वाचायचं कुणी?"

"कुठला नंबर, मावशी?"

"पोराच्या पत्त्याचा. पोरगा फौजेत हाय. वर, थंडीत. बर्फ म्हनं कंबरंएवढा. त्याला लहानपनापास्नं घोंगडीची सवय, रजई आवडत न्हाई. म्हनलं पाठवावी. पन तुमचं दुकान घ्याच ना. मला वाटलं, मीच आकडं चुकीचं टाकतीया. म्हनून रोज फिरून टाकती."

मी आकडे विचारले. नऊनं सुरू होणारा पिनकोड होता. मी सुभेदारांकडं बघितलं तर ते उभे राहिले होते. त्यांनी माझ्या हातातनं फोन घेतला.

"मावशी, आकडं बरोबर हायती," ते म्हणाले. "एक बी चुकल्याला न्हाई."

फौजेच्या टपालाचे पिन नऊनं सुरू होतात. तिथं खाजगी कुरिअर जात नाही, फक्त पोस्ट जातं, आणि तिथनं फौजेचं स्वतःचं टपाल पुढं नेतं. आमचं दुकान फक्त कुरिअरला विचारत होतं, आणि कुरिअरचं यंत्र इंग्रजीत लाल अक्षरांत सांगत होतं, की या ठिकाणी सेवा नाही. चोवीस वर्षं ज्यांच्या स्वतःच्या पत्त्यात असाच पिन होता, ते सुभेदार शेजारीच बसलेले असायचे, आणि आम्हा दोघांच्याही हे डोक्यात आलं नव्हतं.

 फोन ठेवल्यावर त्यांनी एका मोठ्या खोक्याची बाजू चाकूनं कापली, मार्कर घेतला आणि त्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'एक नंबर: फौजी पत्ता.'

"सुभेदार, थांबा," मी म्हणाले. "अशी गिऱ्हाइकं किती? एक. फार तर दोन-तीन. भाड्याला भिऊन जाणारे ढीगभर आहेत. आधी कोणतं करायचं, ते मोजूनच ठरवायला पाहिजे."

"एक माय नऊ डाव आकडं टाकती, आन् तुमी मोजताय?"

 त्यांचंही बरोबर होतं, माझंही. त्या दुपारी आम्ही पहिल्यांदा एकमेकांशी जरा कडक बोललो. मी म्हणाले, असं मन बघून ठरवायचं तर मागच्या आठवड्यात मी फोटो काढत बसले, तेही मनच होतं. ते म्हणाले, सगळंच काय आकड्यानं मोजत न्हाईत. शेवटी मिरजेच्या बाईंना फोन लावला.

त्यांनी आम्हाला पुठ्ठ्यावर तीन रकाने काढायला लावले. ही अडचण किती जणांना येते. ती दूर केली तर त्यातले किती जण खरोखर घेतील, म्हणजे आपली खात्री किती. आणि करायला कष्ट किती. पहिले दोन जास्त आणि तिसरा कमी, ते वर.

मग मांडणी सुरू झाली. प्रत्येक वस्तूचं माप वेगळं भरायचं आणि घोंगडी घट्ट गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत आणि वरनं कापडात शिवून पाठवायची. सर्वांत जास्त लोक इथंच अडत होते, कारण डोळ्यांनी दिसलं होतं, आणि काम एका दिवसाचं. ते पहिलं. त्याखाली, भाडं आधीच सांगायचं. घोंगडीच्या फोटोखालीच पिनकोड टाकायची चौकट, म्हणजे पत्ता भरून झाल्यावर धक्का नको. तिसरं ओटीपी. खातं उघडायची सक्ती काढायची. इथं गळणारे बरेच होते, पण त्यातली खरी गिऱ्हाइकं किती आणि नुसते बघे किती, हे आम्हाला सांगता येईना, म्हणून ते खाली. घरी माल आल्यावर पैसे द्यायची सोय मागणारे, यादीतल्या बाकीच्यांना फोन केले त्यात, दोघं भेटले होते. ती सोय दिली तर ऑर्डरी वाढतील, पण बाई म्हणाल्या, दारातनं परत पाठवणारेही वाढतील आणि जाण्यायेण्याचं भाडं आपल्याच अंगावर बसेल. ते आणखी खाली. फोटो तळाला गेले. भावाचं तर आम्ही लिहिलंच नाही, आणि दादाला ते सांगितलंही नाही.

फौजी पत्ता चौथा आला.

"चौथा," सुभेदार म्हणाले.

"क्रमांक चौथा," बाई फोनवर म्हणाल्या. "पण तिथं एक ओळ मराठीत लिहायला दहा मिनिटं लागतात. फौजी पत्ता असेल तर या नंबरवर फोन करा, आम्ही पोस्टानं पाठवू. दहा मिनिटांचं काम रांगेत कशाला उभं करायचं? यादी मोठ्या कामांसाठी."

सुभेदारांनी पुठ्ठ्याकडं बघितलं. "मग नंबर चौथाच ऱ्हाऊ द्या," म्हणाले, "पन काम आज."

ती ओळ मी तिथंच बसून लिहिली. दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी मावशीची घोंगडी स्वतः शिवली. पंचेचाळीसच्या खोक्याऐवजी चाळीस बाय पस्तीस बाय बाराचं गाठोडं झालं. गुडघा ठेवून दाबलं होतं त्यांनी. पत्ता त्यांनीच लिहिला, नंबर, हुद्दा, युनिट, सगळं फौजेच्या पद्धतीनं, आणि पोस्टात रांगेत उभे राहून दिली. पोचायला किती दिवस लागतील, ते कुणीच सांगितलं नाही. पंधरा-वीस दिवसांनी मावशीचा फोन आला. पोराला मिळाली होती. फोटो पाठवायला परवानगी नाही म्हणे, पण त्यानं सांगितलं, वास घरचाच आहे. नवीन घोंगडीला लोकरीचा आणि विणताना सुताला लावतात त्या चिंचोक्याच्या खळीचा वास असतो. शहरातली गिऱ्हाइकं त्याचीच तक्रार करतात.

बाकीची कामं आम्ही पुठ्ठ्याच्या क्रमानं केली. बाईंनी बजावलं होतं, की एका वेळी एकच बदला आणि दोन-तीन आठवडे थांबा, नाहीतर कशानं काय झालं, ते कळणार नाही. माप आणि पॅकिंग बदललं आणि लांबच्या पिनला भाडं आधीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आलं. आसनाचं तर त्याहून खाली. पहिल्याच आठवड्यात चार आसनं गेली. मी दादाला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "बघ, भाव कमी केल्याचा फायदा झाला." मी वाद घातला नाही, कारण भावही मी उतरवला होता, हे खरंच होतं.

पुढं दिवाळी झाली आणि थंडी पडायला लागली. ऑर्डरी वाढल्या. आता थंडीत घोंगडी कुणीही घेणार. मग आमच्या सुधारणेनं किती वाढल्या आणि थंडीनं किती? मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "एकूण ऑर्डरी बघू नका. खर्चाच्या पानावर आलेल्यांतले किती पुढं जातात, ते बघा." ते बघितलं तर आधी बहुतेक तिथनं परत फिरायचे, आता निम्मे तरी पुढं जात होते. मला वाटलं, आता खात्री झाली. पण बाई म्हणाल्या, की थंडी वाजणारा माणूस भाडं जास्त असलं तरी पुढं जातो, त्यामुळं त्यातही थोडी थंडी आहेच. शिवाय आमचे आकडे एवढे लहान, की चार माणसं इकडची तिकडं झाली तरी चित्र बदलतं. "मोठी चूक होती, म्हणून दिसली," त्या म्हणाल्या. "बारीक चुका एवढ्या थोड्या गिऱ्हाइकांत दिसायच्या नाहीत. तिथं अंदाजच."

मग ओटीपी काढला. पहिल्या पायरीवरचे गळणारे खरंच कमी झाले आणि मी खूश झाले. त्याच वेळी सुभेदार नको नको म्हणत असताना मी घरी पैसे द्यायची सोयही सुरू करून टाकली. लोक फोन करून मागत होते आणि मला धीर निघाला नाही. महिन्याभरात तीन गाठोडी परत आली. दोघांचे मोबाइल नंबर चुकीचे होते, कुरिअरवाला गल्लीत पत्ता शोधत उभा आणि फोन लागायचा दुसऱ्यालाच. तिसऱ्यानं सांगितलं, की आपण मागवलीच नाही. नंबर चुकीचे का? कारण ओटीपी नव्हता, नंबर तपासणार कोण? म्हणजे एक अडचण काढली, तर दुसरी आत आली. आणि दोन्ही एकदम बदलल्यामुळं कशानं काय झालं, ते परत धूसर.

परत आलेली गाठोडी सुभेदारांनी खोलीत ओळीनं ठेवली होती. मी गेले तेव्हा ते त्यांच्यापुढं स्टुलावर बसले होते. मला वाटलं, आता ऐकवणार, मी सांगितलं हुतं म्हणून.

"ताई, एक इचारू?" ते म्हणाले. "ओटीपी समद्यास्नी कशाला? ज्यानं आधी पैसं भरलं, त्याचा नंबर चुकला तरी तो सोता फोन करून माल मागंल. ओटीपी घ्यायचा तर पैसं घरी देनाऱ्याचाच घ्यावा."

 हे मला सुचलं नव्हतं. बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, बरोबर आहे, असंच करतात बरेच जण.

तसं केलं आहे. त्याला आता पाच आठवडे झाले. परत येणारी गाठोडी थांबलेली नाहीत, पण मागच्या महिन्यात एकच आलं. ते ओटीपीमुळं, की मार्च लागून ऑर्डरीच कमी झाल्या म्हणून, हे मला अजून सांगता येत नाही. काल आसनं बघणाऱ्या पाच जणांनी फोटोखालच्या चौकटीत पिन टाकून भाडं बघितलं आणि कार्टात काहीच टाकलं नाही. म्हणजे टाकून जाणारे कमी झाले, पण ते आता आधीच जातात. हे चांगलं की वाईट, यावर सुभेदारांचं आणि माझं एकमत नाही. ते म्हणतात, आधीच गेलेला बरा, निदान त्याला फसल्यासारखं वाटत नाही. मी म्हणते, गेला तो गेलाच. पुढच्या मंगळवारी मिरजेला जायचं ठरवलं आहे. तोवर सुभेदारांनी नवा पुठ्ठा कापून तीन रकाने आखून ठेवलेत, आणि पहिल्या ओळीत काय लिहायचं, ते आम्हाला दोघांनाही अजून ठरवता आलेलं नाही.